कशावरही लिही, केवढीही लिही

ओळखीपाळखीच्या लोकांत मी 'पद्य लिहून देणारा' म्हणून बरीच वर्षं खपतो आहे. मंगलाष्टका, मानपत्र, साठीशांतीला वाचायच्या चार ओळी, नव्या सुनेला घ्यायचा उखाणा, असं काय काय माझ्याकडे येतं. ही कामं वाटतात तितकी अवघड नसतात, कारण मागणी येतानाच सगळं बांधून आलेलं असतं. मंगलाष्टक म्हटलं की शार्दूलविक्रीडित. ओळीला १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, शेवटी 'कुर्यात सदा मंगलम्'. मधे वधूवरांची, आईवडिलांची, झालंच तर रुसू नयेत म्हणून दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं बसवायची. कौशल्य लागतं ते 'सिद्धेश्वर' हे नाव त्या चालीत कोंबायला. काय लिहायचं हा प्रश्नच नसतो.

आत्याचा सांगलीहून फोन आला तेव्हा मात्र हातात काहीच नव्हतं.

"एक कविता लिहून पाठव मला."

"कशावर गं?"

"कशावरही. तुला सुचेल त्यावर."

"काही कार्यक्रम आहे का? कुणाला द्यायचीये?"

"कार्यक्रम कसला? मला हवीये."

"बरं, मोठी की छोटी?"

"आता तेही मीच सांगू? कवी तू आहेस ना?"

अशी मागणी आली की पहिली ऊर्मी असते ती आणखी चार प्रश्न विचारायची. त्याचा उपयोग होत नाही. ज्याला काय हवं ते सांगता आलं असतं, त्याने आधीच सांगितलं असतं. तुम्ही खोदून विचारलंत की समोरचा ओशाळतो आणि सुटका करून घ्यायला काहीतरी ठोकून देतो. मग तेच त्याचं म्हणणं ठरतं. दुसरी ऊर्मी यादी द्यायची: आईवर लिहू, पावसावर लिहू, की गमतीशीर काही? हे त्याहून वाईट. यादीतून माणूस जे निवडणं शोभेल ते निवडतो. आईचं नाव यादीत असलं की दहातले आठ जण आईच घेतात, कारण आईला बाजूला सारून 'गमतीशीर' म्हणायला जीभ रेटत नाही. मग तुम्ही आईवर बारा ओळी लिहिता, ते 'वा, डोळ्यांत पाणी आलं' म्हणतात, आणि ती कविता पुन्हा कधी उघडली जात नाही.

म्हणून मी नावं सांगत नाही, नमुने दाखवतो. चष्म्याच्या नंबराला बसवतात तेव्हा तपासणारा 'तुम्हाला अंधूक किती दिसतं?' असं विचारत बसत नाही. भिंग बदलतो आणि म्हणतो, हे बरं की हे? समोरचा तक्ता तोच राहतो, बदलतं फक्त भिंग. माझाही नियम तोच: सगळे नमुने एकाच वस्तूवर. एक कविता पावसावर, दुसरी गावावर, तिसरी मुलीवर अशी दिली आणि माणसाने गाव घेतलं, तर त्याला गाव आवडलं, की त्या ओळींची चाल आवडली, की बोलण्याचा सूर, हे कळायला मार्ग उरत नाही.

वस्तू निवडताना एकच पथ्य. तिच्यावर आधीच भावनेची पुटं चढलेली नकोत. तुळस, जातं, आईची साडी ही मंडळी बाद, कारण त्यांचं नाव घेताच ऐकणारा हळवा होतो आणि ओळी बऱ्या की वाईट ते कळत नाही. मी दाराची कडी घेतली. आत्याच्या जुन्या घराला अजून आहे, एवढंच तिचं निमित्त.

नमुने चार केले. याहून जास्त दिले की माणूस वाचायचा थांबतो आणि मोजायला लागतो. पहिला भुजंगप्रयातात. 'मनाचे श्लोक' ज्या चालीत आहेत तीच ही. लघु-गुरु-गुरु, असं चारदा, ओळीला १२ अक्षरं:

कडी वाजता ओळखू येत होते
कुणी आत येते, कुणी जात होते
घराला मुके व्हायची वेळ झाली
कडी गंजली, बेल दारास आली

दुसरा जात्यावरच्या ओवीच्या वळणाचा. इथे अक्षरं मोजायची नसतात, ओढीत बसवायची असतात:

दाराला माझ्या कडी, कडीला हात कुणाचा
पाहते उघडून, वारा गं श्रावणाचा

तिसरा मोठा अभंग. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण, दुसऱ्यातिसऱ्याचं यमक:

रात्र झाली तेव्हा । लावियेली कडी ।
उठे घडी घडी । पाहावया ॥
आत काय आहे । चोराने न्यावया ।
तरीही कासया । राखतो मी ॥

आणि चौथा मुक्तछंदात:

कडी घट्ट झालीये.
तेल घालायला हवं, असं तू म्हणालास
आणि गेलास.
आता ती उघडायला
माझे दोन्ही हात लागतात.

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात. एक म्हणजे सगळ्यांवर सारखी मेहनत झाली आहे का. लिहिणाऱ्याचा एक नमुना आतून ठरलेला असतो. तो तो घासूनपुसून मांडतो आणि बाकीचे नुसते संख्येला उभे करतो. मग समोरच्याने 'निवडलं' याला अर्थ राहत नाही, आपणच आपल्याला निवडलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक नमुन्यातली एक तरी ओळ अशी हवी की तो नाकारला गेला तर तिच्यासाठी जीव हळहळेल. पहिल्यात मला बेलची ओळ तशी वाटत होती, अभंगात 'आत काय आहे चोराने न्यावया'.

दुसरी तपासणी म्हणजे नमुन्याच्या पोटात पुढचं कडवं आहे का. ओवीच्या पोटात नव्हतं. दार उघडलं, वारा निघाला, संपलं. त्यापुढे जे काही लिहीन ते या दोन ओळी पातळ करणारं असणार. तरी ती ठेवली, कारण आत्याने तीच घेतली असती तर 'ही घे, झाली' म्हणून तशीच देता आली असती. पण असा नमुना आपल्याला माहीत असावा. नाहीतर माणूस तोच धरून बसतो, 'याचीच मोठी कर' म्हणतो, आणि आपण श्रावणामागून भाद्रपद आणत बसतो.

हे चार मी तिला चार वेगळे मेसेज करून पाठवले. त्यावर ना आकडा, ना वृत्ताचं नाव. 'भुजंगप्रयात' असं वर लिहिलं की लोक परीक्षेला बसल्यासारखे वाचतात. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, कान तयार आहे, म्हणून रात्री फोन करून चारही एकदा वाचूनही दाखवले. कुठलीही चाल डोळ्यांनी अर्धीच कळते.

"सगळ्याच छान आहेत रे."

हे उत्तर येणारच असतं. त्यावर 'तरीपण एक सांग' असा धोशा लावला की अभंग निवडला जातो. तसंच झालं. "तो अभंग चांगला आहे. अगदी तुकोबांसारखा." मी बरं म्हटलं आणि विषय सोडला. कौतुक आणि निवड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. माणूस कौतुक करतो ते त्याला मोठं वाटतं त्याचं. त्याला काय लागलं ते कळतं दुसऱ्या दिवशी, तो कुठली ओळ आपणहून बोलतो त्यावरून. म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला, कवितेचा विषयही काढला नाही. गॅसचा नंबर लावलास का, वगैरे.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "काय रे, तो कुठे गेला?"

"कोण?"

"तेल घालतो म्हणालेला. गेलास असं आहे ना त्यात. पुण्याला गेला असेल नोकरीला. हल्ली सगळे तिकडेच जातात."

मला ती ओळ लिहिताना जरा धास्ती होती. काका जाऊन काही वर्षं झाली आहेत, 'गेलास'चा अर्थ ती तिकडे नेईल की काय असं वाटत होतं. तिने एक मुलगा उभा केला, त्याला नोकरी लावली आणि गाडीत बसवून दिला. कवितेतल्या माणसाची चौकशी होणं ही फार भरवशाची खूण आहे. अभंगातल्या चोराबद्दल तिने काहीच विचारलं नव्हतं.

पण मग लगेच, "ते गाण्यासारखं का नाही केलंस? ते बघ ना, कडी गंजली, बेल दारास आली. एकदा ऐकलं आणि बसलं डोक्यात. ते दुसरं बसत नाही. दोन हात लागतात एवढंच आठवतं."

इथे मला हवं ते सगळं मिळालं. तिला एका नमुन्यातला सूर हवा होता, कुणीतरी कुणाशी तरी बोलतंय असा, आणि दुसऱ्या नमुन्यातली चाल हवी होती. शिवाय एक अट होती जी तिने मला फोनवर सांगितली नव्हती, कारण ती अट आहे हेच तिला माहीत नव्हतं. कविता पाठ व्हायला हवी. कागदावरची नको होती तिला. म्हणजे लांबीही ठरली. बारा ओळींच्या पुढे गेलं तर पाठ व्हायला त्रास, चार ओळींत आटोपलं तर पाठ केल्याचं समाधान नाही.

आता सरळ मार्ग असा की मुक्तछंदातला तो मजकूर भुजंगप्रयातात घालायचा. करून पाहिलं. 'तेल घालायला हवं असं तू म्हणालास' याचं झालं:

कडीला जरा तेल घालू म्हणाला

ओळ म्हणून पाहा, एक अक्षर अडत नाही. बोलण्यातली वाटते, उगाच 'असे' नि 'मज' घुसलेले नाहीत. पण एक चीज निसटली आहे. 'म्हणालास'चं 'म्हणाला' झालंय. 'म्हणालास' म्हणजे लघु-गुरु-गुरु आणि वर एक लघु, आणि या वृत्तात ओळीच्या शेवटी त्या 'स'ला जागा नाही. 'स' गेला की 'तू' गेला, 'तू' गेला की त्याच्याशी बोलणं गेलं आणि त्याच्याविषयी बोलणं सुरू झालं. आत्याने तर नेमकं तेच धरलं होतं. 'असे बोलला तू' म्हणून 'तू' परत आणता येतो, पण असं घरात कुणी बोलत नाही.

मराठीत 'आलास, गेलीस, म्हणतोस' ही समोरच्याला उद्देशून येणारी रूपं अशी अकारान्त लघूवर संपतात. लघु-गुरु-गुरुच्या ठेक्यात ती ओळीच्या मधे कुठेतरी बसवता येतात, पण शेवटाला फार छळतात. म्हणून मी अक्षरगणाचा हट्ट सोडून अष्टाक्षरीकडे गेलो. ओळीला आठ अक्षरं, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, जोडाक्षर एकच मोजायचं. 'तेल घालू म्हणालास': मोजून आठ. 'दोन्ही हात लागतात': आधीचं 'माझे' तेवढं गाळलं, बाकी हातही लावावा लागला नाही, आठ. घरातलं बोलणं अष्टाक्षरीत किती सहज मावतं याचं मला दरवेळी नव्याने नवल वाटतं. ठेका आहे, पण तो जिभेला मुरड घालत नाही.

सूर ठरला, घाट ठरला, लांबी ठरली. विषय राहिला होता. कडी ही नुसती तपासणीची वस्तू. तीच पुढे चालवायची असं काही नव्हतं. आता तक्ता बदलायची वेळ आली आणि भिंग कायम ठेवायची. दुसऱ्या खेपेचे सगळे नमुने अष्टाक्षरीत, सगळ्यांत कुणाला तरी हाक मारलेली, फक्त कुणाला ते वेगळं. आणि इथे मुद्दाम दोनच ओळी दिल्या. पहिल्या खेपेला पुरता तुकडा लागतो, कारण चाल कळायला चार ओळी हव्यातच. दुसऱ्या खेपेला दार किलकिलं केलं की पुरतं. उलट जास्त दिलं तर चांगल्या ओळी तिथेच खर्ची पडतात.

डबा धाडून दे बाई
झाकणासकट हवा

गुडघ्या रे, जिना आला
आता रुसू नको बाबा

कृष्णाबाई, ये जपून
उंबऱ्याशी थांब जरा

झोपे, किती वाजले गं
अजूनही पत्ता नाही

डब्यावर ती मनमुराद हसली. तिच्या मुलीकडे म्हणे तिचे सात डबे आहेत आणि झाकण एकाचंही धड नाही. पण हसून झाल्यावर डब्याची गोष्टच सांगत बसली, ओळींकडे वळली नाही. विनोदी नमुन्याचं हे नेहमीचं. तो जागच्या जागी वसूल होतो. गुडघा तिला आवडला, "हे ठेव बाजूला" म्हणाली.

कृष्णाबाईवर मात्र एकदम, "ते नको." २०१९च्या ऑगस्टात पाणी सांगलीच्या ज्या ज्या गल्ल्यांत शिरलं त्यांत तिचीही होती. मी ती ओळ लिहिताना मनात लाडिक ओवीसारखं काही होतं, नदीला माहेरवाशिणीसारखं जपून ये म्हणणारं. ठाण्यात बसून सुचतं ते. नकार इतका स्पष्ट आला तर तो निवडीइतकाच कामाचा असतो. मी तो नुसता त्या ओळीपुरता न धरता पूर्ण कवितेला लावला: पाणी नको, पाऊस नको. यादी दिली असती तर 'कृष्णामाई' तिने कदाचित घेतलीही असती. सांगलीच्या माणसाने नदीला नाही कसं म्हणायचं?

"ती झोपेची घे," ती म्हणाली. "मला रात्री म्हणता येईल. तीनला जाग येते ती येते. मग नुसतं पडून राहायचं. रामरक्षा होते दोनदा, तरी पाच वाजत नाहीत."

म्हणजे निमित्तही होतं. पहिल्या फोनवर 'कार्यक्रम आहे का' विचारलं तेव्हा तिने नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. रात्री तीन वाजता पडल्यापडल्या म्हणायला काहीतरी हवं, याला कुणी प्रसंग म्हणत नाही. मी शंभर प्रश्न विचारले असते तरी हा त्यात नसता.

आता लिहिणं राहिलं, आणि ते तुलनेने पटकन झालं. अडलं ते नमुन्यापाशीच. 'पत्ता नाही' ही ओळ कडव्यात दुसरी आणि यमक चौथ्या ओळीला. 'नाही'शी 'नाही' जुळवून भागतं, पण ऐकायला कंटाळवाणं. 'पत्ता'शी जुळणारं काही झोपेच्या जवळपास फिरकेना. नमुन्यातली ओळ बदलताना जपावं लागतं. माणसाने ती आपली मानलेली असते, आणि पक्की कविता हाती आल्यावर ती जागेवर नसली की फसवल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी आधी फोन केला. कामवाल्या मावशींना उशीर झाला की आत्या दारातूनच हाळी देते, 'कुठे राहिलीस बाई!' तीच ओळ तिथे घातली. "हे तर माझंच आहे," ती म्हणाली, आणि पत्त्याचा विषय मिटला. दुसऱ्याला म्हणायची कविता असेल तेव्हा त्याच्या तोंडचे शब्द मिळाले तर ते निःशंक उचलावेत. पाठांतर अर्धं तिथेच होतं.

मधल्या कडव्यात कडी परत आली. ठरवून आणली नव्हती. झोपेला घरात घ्यायचं तर दाराचं काहीतरी करावंच लागणार होतं.

झोपे, किती वाजले गं
कुठे राहिलीस बाई
कुत्रेसुद्धा गप्प झाले
मला कुठे आहे घाई

कडी काढून ठेवली
दार नुसते लोटले
येताना वाजवू नको
आताच डोळे मिटले

दूधवाल्याच्या आधी ये
एवढीच अट माझी
उशीर झाला तर गं
चहालाही आहे राजी

दुसऱ्या कडव्याचा शेवट मला बरा साधला असं वाटतं. झोपेलाच सांगायचं की माझा आत्ताच डोळा लागलाय, आवाज करू नकोस. जागं पडलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. 'चहालाही आहे राजी' ही ओळ तितकी पक्की नाही. 'माझी'-'राजी' हे यमक कानाला चालतं, कागदावर कुणी बोट ठेवलं तर ठेवू द्यावं. 'आहे' तिथे भरीचा आहे. दुसरं काही मिळालं नाही, आणि सारखं उकरत बसलो असतो तर बाकीच्या ओळींचा बोलका भाव गेला असता.

पाठवली. 'छान' आलं, हात जोडल्याचं चित्र आलं. मी त्यावर काही धरलं नाही. आठवड्याभराने फोनवर म्हटलं, म्हणून दाखव बघू. तिने न बघता म्हटली, सगळी, पण दोन ठिकाणी बदलून. 'कुत्रेसुद्धा गप्प झाले' हे ती 'कुत्रीसुद्धा गप झाली' असं म्हणत होती. तिच्या गल्लीत तसंच बोलतात, अक्षरं तेवढीच. दुसरा बदल तिसऱ्या कडव्यात: 'आणि उशीर झाला तर'. मोजली तर नऊ अक्षरं, एक जास्त. पण बोलताना 'तर' मधला 'र' पाय मोडूनच येतो, त्यामुळे कानाला आठच. शिवाय माझा 'गं' तिथे उगाच लोंबकळत होता, हे तिच्या तोंडून ऐकल्यावर मलाही कळलं. पाठ करणारा माणूस ओळ जिथे बदलतो तिथे ती बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने अक्षरं भरायला ताणलेली असते. मी माझ्या वहीत दोन्ही ठिकाणी तिचा पाठ घेतला.

"लागते का झोप?" मी विचारलं.

"छे. पण रामरक्षेच्या मधे मधे म्हणते. बरं, तो गुडघा बाजूला ठेव म्हणाले होते ना, तो कधी देतोस? जिना रोजचा आहे. आणि तो जरा मोठा कर, सतरा पायऱ्या आहेत."

पायरीला एक ओळ धरली तर सतरा ओळी होतात. चारचारची कडवी केली तर एक ओळ उरते. सध्या त्या एका ओळीचं काय करायचं हे बघतो आहे. बहुतेक ती वर पोचल्यावर, दाराशी उभं राहून म्हणायची ठेवीन.